बोटचेपं यंत्र बोलतं किती खरं?

सप्टेंबर २०२०. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई राज्यभर ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. आज बारामती-इंदापुरात तुमच्याही कपाटात तो असेल. काढा बाहेर!

माहीत आहे का? हे यंत्र रक्त घेतच नाही! लाल आणि अवरक्त असे दोन उजेड बोटातून सोडतं आणि कोणता किती शोषला गेला यावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधतं. युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ सालची. अंदाजच तो, दोन-चार अंक इकडेतिकडे होणारच.

आता ही केस बघा. इंदापूर, डिसेंबरची पहाट. आजी गार पाण्यात भांडी घासून आल्या. स्क्रीनवर ८४! घर हादरलं. पण नाडीचा आकडा १४०, आणि मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर मोजली तर ८०. चोर सापडला! गारठलेल्या बोटात यंत्राला नाडीच नीट मिळाली नव्हती. हात चोळून गरम केले, पाच मिनिटं शांत बसवलं, तळहात टेबलावर, मधलं बोट आत, आकडा स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबले. ९७!

थांबा, ट्विस्ट आहे. ऊब देऊनही ८४च राहिले असते, तर आजी हसत गप्पा मारत असल्या तरी थेट १०८ लावून हॉस्पिटल. कोविडमध्ये अनेकांचा ऑक्सिजन दम न लागताच घसरला होता.

लग्नघर आहे? गडद नेलपॉलिश पुसा, काळी मेंदी न लागलेलं बोट शोधा. सावळ्या त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जरा जास्तही दिसू शकतो.

आणि सगळ्यात फसवा आकडा? ९९! बंद बाथरूममध्ये गॅस गिझर, बंद खोलीत शेगडी. रक्तात कार्बन मोनॉक्साइड भरतो आणि यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजतं. डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय? आकडा न बघता आधी मोकळ्या हवेत या, मग दवाखाना. खरं काय ते रक्ततपासणीच सांगते.

आता हे आकडे पाठ करा.

९५ किंवा जास्त, ठीक. ९४ आला की पुन्हा मोजा, डॉक्टरांना फोन करा. तासाभरात तीनदा ९३ किंवा कमी आला, तर त्याच दिवशी नाही, त्याच तासाला हॉस्पिटल. ९०च्या खाली? १०८! फुप्फुसाचा जुना आजार असेल, तर तुमचा नेहमीचा आकडा कमी असू शकतो. तो डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, ओठ निळसर, बोलण्यात गोंधळ, जागं करूनही न उठणारी झोप, यांतलं एक जरी दिसलं तर स्क्रीनवर ९८ असले तरी १०८ लावा.