निधीची कपात झाली. भरणा झाला काय?

अंबरनाथच्या एखाद्या कारखान्यातील कामगाराचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये असल्यास भविष्यनिर्वाह निधीपोटी दरमहा १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये कापले जातात. एप्रिलची ही कपात मालकाने आपल्या हिश्श्यासह १५ मेपर्यंत भरावयाची असते. त्यानंतरही पासबुकात नोंद दिसत नसेल, तर मालकास लेखी तक्रार द्यावी. तीत खाते क्रमांक, महिना व कापलेली रक्कम नमूद करून वेतनचिठ्ठीची प्रत जोडावी आणि चलन मागावे. चलनावर सर्वांची एकत्रित रक्कम असते. म्हणून सोबतच्या विवरणपत्रात आपले नाव आहे की नाही, हे पाहणेच अधिक अगत्याचे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. उत्तर न आल्यास निधी कार्यालयाकडील तक्रारीस हीच प्रत जोडता येते.