कूस बदलताच खोली फिरते?

समजा, रोडपालीतल्या एखाद्या आजींना पहाटे उजव्या कुशीवर वळताच खोली गरगर फिरल्यासारखी वाटते. अर्ध्या मिनिटात ते थांबते. पुन्हा त्याच कुशीवर वळले की पुन्हा सुरू. घरचे म्हणतात, बीपी वाढले असेल. पण अशी चक्कर बहुतेकदा आतल्या कानातून येते. तिथले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागेवरून सुटून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरतात. डोके वळले की ते सरकतात आणि मेंदूला फिरत असल्याचा खोटा निरोप जातो. गोळीने मळमळ कमी होईल, पण कण जागेवर परतणार नाहीत.

त्यासाठी डॉ. जॉन एपली यांची पद्धत वापरतात. दोष उजव्या कानात असेल, तर पलंगावर पाय लांब करून बसा आणि मान ४५ अंश उजवीकडे वळवा. तशीच ठेवून उताणे झोपा. खांद्यांखाली उशी, डोके किंचित मागे. चक्कर थांबेपर्यंत, निदान ३० सेकंद थांबा. डोके न उचलता ९० अंश डावीकडे वळवा, तितकेच थांबा. मग अंगासह डाव्या कुशीवर वळून नाक जमिनीकडे करा, थांबा. शेवटी सावकाश उठून बसा. डाव्या कानासाठी दिशा उलट.

पहिल्यांदा हे डॉक्टरांकडूनच करून घ्या. कोणता कान, हे ते डोळ्यांच्या हालचालीवरून ठरवतात. मानेचे दुखणे असल्यास घरी करू नका. चक्कर थांबतच नसेल, बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळे पडले किंवा चालता येईना, तर तो पक्षाघात असू शकतो. लगेच रुग्णालय गाठा.