वेलांटीला जागा हवी

सकाळी ९. लहान मुलांच्या जुलाबावरच्या प्रशिक्षणाची इंग्रजी पीपीटी आली आहे. समोर बसणार आशा सेविका आणि नर्सताई. अट एकच, मांडणी हलता कामा नये. प्रशिक्षकांच्या हातातलं इंग्रजी पुस्तक स्लाइडच्या क्रमांकाने चालतं, त्यामुळे एका स्लाइडच्या दोन करण्याची सोय नाही.

मजकुराला हात लावण्याआधी मी Slide Master उघडते. मराठी लांब होईल ही भीती सगळे बोलून दाखवतात, पण खरी अडचण आडवी कमी आणि उभी जास्त असते. इंग्रजी साच्यात दोन ओळींमधलं अंतर बहुतेक ०.९ असतं. त्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. ते १.१ करते. फॉन्ट निर्मला यूआय, कारण विंडोज ८ पासून तो सोबतच येतो आणि तालुक्याच्या लॅपटॉपवर वेगळा टाकावा लागत नाही. शीर्षकांमधल्या अक्षरांचं वाढवलेलं अंतर काढून टाकते. इंग्रजीत ते देखणं दिसतं, आपल्याकडे शिरोरेषेचे तुकडे पडतात.

मग Shrink text on overflow बंद. ही सोय मजकूर मावत नसला की टाइप लहान करते आणि सोबत ओळींचं अंतरही दाबते. म्हणजे आत्ताच वाढवलेली जागा गुपचूप परत घेतली जाते, तीसुद्धा प्रत्येक स्लाइडवर वेगवेगळी. मला मजकूर चौकटीबाहेर सांडलेला दिसलेला चालतो. सांडला तर निदान कळतं.

साडेदहा. आता भाषांतर. चौकट पुसून नवी काढायची नाही, जुन्या मजकुरावरच टाइप करायचं. चौकट गेली की तिला जोडलेलं अॅनिमेशनही जातं.

साधे मुद्दे भराभर होतात. ‘ओआरएसची एक पुडी, एक लिटर पाणी.’ झिंकची ओळही आटोपशीर बसते: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्याहून मोठ्याला २०, चौदा दिवस.

बारा वाजता बाण येतात. एकापुढे एक चार बाण, आत Assess, Classify, Treat, Counsel. सरळ उतरवलं तर मूल्यांकन, वर्गीकरण, उपचार, समुपदेशन. ‘समुपदेशन’ला मध्ये मोकळी जागा नाही, त्यामुळे ते एक तर मधेच तुटतं, नाही तर चारही बाणांतली अक्षरं बारीक करतं, स्मार्टआर्टमध्ये एकासोबत सगळे आकसतात. प्रशिक्षणाच्या मॅडमना फोन लावला.

“मॅडम, ‘तपासा, गट ठरवा, उपचार करा, समजवा’ चालेल?”

“चालेल की! सेविकांना तेच कळेल. फक्त ‘समुपदेशन’ नोट्समध्ये ठेवा, अहवालात तो शब्द लागतो.”

जिथे इंग्रजीत एक क्रियापद आहे, तिथे मराठीतही क्रियापदच घ्यावं. संस्कृत नामं रुबाबदार असतात, पण बाणात मावत नाहीत.

जेवण उरकून दोन वाजता तक्ता. शोष नाही, थोडा शोष, तीव्र शोष, असे तीन स्तंभ. तक्त्याला आकसायची सोयच नाही. ओळ वाढली की खालचं सगळं खाली ढकललं जातं आणि शेवटची ओळ तळाच्या लोगोवर चढते. ‘Skin pinch goes back slowly’चं पहिलं भाषांतर होतं, ‘कातडीची चिमटी सोडल्यावर ती हळूहळू पूर्ववत होते’. चौकटीत चार ओळी झाल्या. मग निरखून पाहिलं तर तिन्ही स्तंभांत चिमटीची तीच गोष्ट पुन्हा येत होती. ‘पोटावर चिमटी सोडल्यावर कातडी’ एवढं डावीकडच्या शीर्षकात नेलं आणि स्तंभांत राहिलं ‘लगेच बसते’, ‘हळू बसते’, ‘बसायला दोन सेकंदांहून जास्त लागतात’. अर्थ एक कणही गळला नाही. टाइप कमी करण्याआधी हे बघावं, कारण मागच्या रांगेतल्या ताईंना बारीक अक्षर वाचता येत नाही. चौकटीच्या आतला समास थोडा कमी केला आणि लोगो मोकळा झाला.

आलेखातल्या गटांची नावं स्लाइडवर टाइप होत नाहीत; Edit Data मधून आतल्या तक्त्यात बदलावी लागतात. एका चित्रात इंग्रजी अक्षरं रंगवूनच टाकलेली आहेत. तिथे मूळ चित्र मागवलं.

साडेचार. पूर्ण स्लाइडशो चालवते. प्रत्येक क्लिकला काय येतं ते पाहते, आणि नजर ओळींच्या मधे ठेवते: रफार कापला गेला आहे का, ‘कृ’चा पाय चौकटीला लागला आहे का. मग पीडीएफ काढून इंग्रजी प्रतीशेजारी ठेवते. फाइलही पाठवायची, पीडीएफही. कुठे फॉन्ट बदलला तर खरं रूप कसं होतं ते दिसावं म्हणून.

साडेपाचला मॅडमचा फोन. हॅण्डआउट काळे-पांढरे छापणार आहेत. म्हणजे तक्त्यातले हिरवा, पिवळा, गुलाबी हे तीन रंग कागदावर जवळजवळ एकच राखाडी होतील. स्तंभांच्या शीर्षकांपुढे रंगांची नावं घातली. ‘तीव्र शोष – गुलाबी’ एका ओळीत मावलं, लोगोही सुटा राहिला. पीडीएफ पुन्हा काढून सहाला दोन्ही पाठवल्या.