गुलाबी रंगावर जाऊ नका

घरी बेकन करायला एक किलो डुकराच्या पोटाचं मांस घेतलं, तर २२ ग्रॅम साधं मीठ आणि २.५ ग्रॅम क्युरिंग सॉल्ट चोळून ते आठवडाभर फ्रिजमध्येच मुरवतात. या क्युरिंग सॉल्टमध्ये सोडियम नायट्राइट फक्त ६.२५ टक्के असतं. शुद्ध नायट्राइट तेवढंच घातलं, तर ते विषच. म्हणून चमच्याचा अंदाज नको, दशांश ग्रॅम दाखवणारा काटा हवा. (गुलाबी सैंधव इथे चालत नाही, त्यात नायट्राइट नसतं.)

नायट्राइटपासून बनलेला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनशी जुळला, की शिजल्यावरही मांस गुलाबी राहतं. पण रंगाला नायट्राइट अगदी थोडंही पुरतं. बोट्युलिझमच्या जंतूंना रोखायला त्याहून बरंच जास्त लागतं. उलट मात्रा जास्त झाली, तरी मांस गुलाबीच दिसू शकतं.