साडेतीन फॅटचा हरवलेला दर

दूध संकलन केंद्रावरचा हिशेब ठेवणारा माणूस सकाळचं दूध उतरवून घेतो, फॅट आणि एसएनएफ एक्सेलच्या पानावर भरतो आणि खालची बेरीज बघतो. एरवी तिथे रुपये-पैशांत आकडा असतो. एक दिवस मात्र तिथे #N/A उमटतं. मग पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ओळखीतल्या एखाद्या जाणकाराला पाठवला जातो आणि सोबत एकच प्रश्न असतो : "कालपर्यंत चालत होतं, आज काय झालं?" असाच एक स्क्रीनशॉट इथे नमुना म्हणून घेतला आहे. यातले दर उदाहरणापुरते आहेत. चूक मात्र खरी आहे, आणि कोणत्याही संगणकावर ती पुन्हा घडवून बघता येते.

```
    A     B      C     D     E       F
1   कोड   लिटर   फॅट   SNF   दर      रक्कम
2   101   12.5   3.2   8.5   32.50   406.25
3   104   8      3.0   8.4   31.00   248.00
4   107   14     3.5   8.5   #N/A    #N/A
5   112   10     3.1   8.5   32.00   320.00
6                        एकूण       #N/A
```

उजवीकडे त्याच पानावर दरपत्रक आहे. H रकान्यात H2 पासून H9 पर्यंत ३.० ते ३.७ अशी फॅट उतरत जाते. पहिल्या ओळीत I1 ते L1 मध्ये ८.३ ते ८.६ असा एसएनएफ आडवा मांडलेला आहे. दोन्ही जिथे मिळतात, त्या सेलमध्ये लिटरचा दर आहे. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगितला जातो. म्हणजे १०७ नंबरच्या सभासदाचं दूध अगदी प्रमाणातलं आहे, आणि नेमका त्याचाच दर सापडत नाही. दरपत्रकात ३.५ ची ओळ तर डोळ्यांना स्पष्ट दिसते आहे.

दराच्या रकान्यात, म्हणजे E2 मध्ये, हे सूत्र आहे :

```
=ROUND(INDEX($I$2:$L$9,MATCH(C2,$H$2:$H$9,0),MATCH(D2,$I$1:$L$1,0)),2)
```

कंसात कंस बघून माणूस बिचकतो. पण कांदा बाहेरून सोलतात, असं सूत्र मात्र आतून वाचायचं. सगळ्यात आत दोन MATCH आहेत. पहिला C2 मधली फॅट घेतो, H रकान्यात वरून खाली शोधत जातो आणि ती कितव्या ओळीत आहे तेवढंच सांगतो. ३.२ असेल तर उत्तर येतं ३, कारण ३.०, ३.१, ३.२ अशी ती तिसरी आहे. दुसरा MATCH हेच काम एसएनएफसाठी आडव्या ओळीत करतो, ८.५ साठी त्याचंही उत्तर ३ येतं. मग INDEX त्या दोन आकड्यांवरून तिसरी ओळ आणि तिसरा रकाना गाठतो आणि तिथला दर उचलतो : ३२.५०. शेवटी ROUND तो दर दोन दशांशांवर आणतो. डॉलरची चिन्हं पैशांची नाहीत. सूत्र खालच्या ओळींत उतरवलं तरी दरपत्रकाचा पत्ता जागचा हलू नये, यासाठी ती खुंटी मारलेली आहे.

MATCH च्या शेवटी जे शून्य आहे, त्यावर पुढची सगळी गोष्ट उभी आहे. त्याचा अर्थ असा, की तंतोतंत तोच आकडा मिळाला तरच उत्तर द्यायचं. नाही मिळाला तर जवळपासचा चालवून घ्यायचा नाही, #N/A सांगायचं.

रकमेचा रकाना सोपा आहे :

```
=IF(B2="","",ROUND(B2*E2,2))
```

लिटरचा सेल रिकामा असेल, म्हणजे त्या वेळी सभासदाने दूध घातलं नसेल, तर रक्कमही रिकामी ठेवायची. नाहीतर लिटर गुणिले दर. आणि F6 मध्ये साधी `=SUM(F2:F5)` आहे.

आता स्क्रीनशॉटकडे पुन्हा बघावं. #N/A तीन ठिकाणी दिसतं, पण बिघाड तीन नाहीत. F6 ला बेरीज जमत नाही, कारण F4 मध्ये आकडा नाही. F4 ला गुणाकार जमत नाही, कारण E4 मध्ये दर नाही. एक्सेलमधली त्रुटी अशी उताराने वाहत जाते. म्हणून शोध नेहमी उलटा, उगमाकडे घ्यावा लागतो, आणि इथला उगम E4 मध्ये आहे. त्या सेलवर उभं राहून Formulas या टॅबमधलं Evaluate Formula उघडलं आणि Evaluate दाबत गेलं, तर सूत्र एकेक पायरी उलगडतं. पहिल्याच पायऱ्यांत दिसतं, की `MATCH(3.5,$H$2:$H$9,0)` याच्या जागी #N/A आलं. एसएनएफ, INDEX, ROUND हे सगळे निर्दोष आहेत. ३.५ फॅट दरपत्रकात नाही, असं यंत्राचं म्हणणं आहे.

अशा वेळी पहिला संशय आकड्याच्या वेशातल्या मजकुरावर घ्यायचा असतो. दुसरीकडून उतरवलेला आकडा कधी कधी मजकूर म्हणून बसतो आणि सेलच्या डाव्या कडेला चिकटतो. पण `=ISNUMBER(C4)` विचारलं तर उत्तर TRUE येतं. H7 बद्दलही तेच. दोन्ही आकडेच आहेत. मग थेट `=C4=H7` विचारावं. उत्तर पुन्हा TRUE! म्हणजे एक्सेल एका तोंडाने म्हणतं दोन्ही समान आहेत, आणि MATCH म्हणतो सापडला नाही. इथे बहुतेक जण हात टेकतात.

उलगडा H रकान्यात आहे. त्यातले आकडे हाताने टाइप केलेले नाहीत. H2 मध्ये ३ लिहून H3 मध्ये हे सूत्र घातलं आणि खाली ओढलं :

```
=H2+0.1
```

दिसायला यात काहीच वावगं नाही. पण संगणक आकडे दोनच्या पटींत साठवतो : अर्धा, पाव, अष्टमांश असे तुकडे जोडून. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेलं तर ०.३३३३… कधी संपत नाही. तसा संगणकाला एक दशांश कधी पुरा लिहिता येत नाही. आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकानुसार एका आकड्याला ६४ बिटांची जागा मिळते. जागा संपली की उरलेला भाग जवळच्या आकड्यावर आणून सोडून द्यावा लागतो. त्यामुळे ०.१ मुळातच केसभर जास्त साठवला जातो. तो एकदा मिळवला, दोनदा मिळवला, तर बेरीज योगायोगाने बरोबर बसते, ३.१ आणि ३.२ शाबूत राहतात. तिसऱ्या मिळवणीला, ३.३ पाशी, बेरीज एक पायरी सरकते आणि पुढे चूक तशीच चालू राहते. H7 मध्ये खरोखर असतं ते हे :

```
3.50000000000000044
```

आणि C4 मध्ये टाइप केलेला ३.५ मात्र निखळ आहे, कारण तीन आणि अर्धा म्हणजे दोनच्या पटींतलंच माप. म्हणजे दोष सभासदाच्या दुधात नाही, भरणाऱ्याच्या बोटांत नाही. दोष दरपत्रकाच्या कडेला लिहिलेल्या आकड्यांत आहे. एक्सेल जास्तीत जास्त १५ अंक दाखवतं, म्हणून दशांश कितीही वाढवले तरी हा फरक पडद्यावर उमटत नाही. बरोबरीचं चिन्हही तेवढ्याच अंकांपर्यंत तुलना करतं, म्हणून ते TRUE म्हणालं. MATCH मात्र आत साठवलेला आकडा जसाच्या तसा ताडून बघतो. खात्री करायची तर कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये हे लिहावं, बाहेरचा कंस न विसरता :

```
=(H7-C4)
```

उत्तर 4.44E-16 असं काहीतरी येतं. कंस काढला तर शून्य येतं, कारण वजाबाकी ही शेवटची क्रिया असेल तर इतका बारीक फरक एक्सेल स्वतःच पुसून टाकतं. "कालपर्यंत चालत होतं" याचंही उत्तर इथेच आहे. कालपर्यंतचं सगळं दूध ३.२ च्या आत होतं.

दुरुस्तीच्या नावाखाली जे दोन उपाय हमखास केले जातात, ते या चुकीपेक्षा घातक आहेत. पहिला म्हणजे सगळ्या सूत्राला IFERROR मध्ये गुंडाळून त्रुटीच्या जागी शून्य दाखवणं. लगेच पान स्वच्छ दिसतं आणि बेरीज येते ९७४.२५. पण त्यात १०७ नंबरचं चौदा लिटर दूध फुकट गेलेलं असतं.

दुसरा उपाय जास्त फसवा आहे : MATCH मधल्या शून्याच्या जागी १ घालणं. मग MATCH दिलेल्या आकड्याइतका किंवा त्याहून लहान असा सर्वांत मोठा आकडा शोधतो. H7 मधला ३.५ केसभर मोठा असल्यामुळे तो नाकारला जातो आणि आधीची, ३.४ ची ओळ निवडली जाते. दर ३४ ऐवजी ३३.५० लागतो, रक्कम ४७६ ऐवजी ४६९ होते. कुठेही लाल निशाणी नाही, #N/A नाही, आकडाही पटण्यासारखा. दोन्ही वेळा तेवढंच दूध घालणाऱ्याचे दहा दिवसांच्या बिलात १४० रुपये कमी होतात, आणि ते त्याला कळायला काही मार्ग नसतो. त्रुटी दाखवणारं पान या पानापेक्षा प्रामाणिक होतं.

खरी दुरुस्ती एका ओळीची आहे. H3 मध्ये हे लिहून H9 पर्यंत ओढायचं :

```
=ROUND(H2+0.1,1)
```

दर पायरीला आकडा एका दशांशावर आणला की साठलेली कसर तिथल्या तिथे निघून जाते आणि H7 मध्ये टाइप केल्यासारखा निखळ ३.५ बसतो. फॅटचा आकडाही दुसऱ्या सूत्रातून येत असेल, तर MATCH मध्ये C2 च्या जागी `ROUND(C2,1)` घालावं. आठ ओळींचंच दरपत्रक असेल तर ते हाताने टाइप करणं सगळ्यात सुरक्षित. ज्यांच्याकडे असं पान वापरात आहे, त्यांनी दरपत्रकाच्या पहिल्या रकान्यात सूत्र आहे की आकडा, एवढं आजच बघून घ्यावं. आणि MATCH च्या शेवटी १ दिसला, तर मागची बिलंही तपासावीत.

दुरुस्तीनंतर E4 मध्ये ३४.००, F4 मध्ये ४७६.०० आणि F6 मध्ये १४५०.२५ येतात. उद्या कुणाच्या दुधाला ३.८ फॅट लागली तर E रकान्यात पुन्हा #N/A दिसेल, आणि तो बरोबर असेल : या दरपत्रकात ३.८ चा दर अजून कुणी लिहिलेलाच नाही.