रिकाम्या हेलपाट्यांचे बिल

अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएस या सेवेत कामांची रांग ठेवता येते. दुकानाच्या संकेतस्थळावर ऑर्डर नोंदली गेली की तिचा संदेश या रांगेत पडतो, आणि मागे चालू असलेले प्रोग्रॅम, ज्यांना वर्कर म्हणतात, एकेक संदेश उचलून त्याची पावती तयार करतात. मात्र ‘काम आले आहे’ असे रांग आपणहून कळवत नाही. वर्करनेच एपीआयमार्फत पुन्हा पुन्हा विचारावे लागते. या विचारण्याला पोलिंग म्हणतात. त्यातल्या प्रत्येक फेरीचे पैसे पडतात, मग हाती काही लागो वा न लागो.

साध्या रांगेचा दर अमेरिकेतील व्हर्जिनिया विभागात दहा लाख कॉलना ०.४० डॉलर आहे आणि महिन्याचे पहिले दहा लाख कॉल फुकट आहेत. आकडा किरकोळ दिसतो, म्हणूनच त्याकडे लक्ष जात नाही.

समजा, एका दुकानाकडे रोज १०,००० ऑर्डर येतात आणि ४० वर्कर दर सेकंदाला एकदा रांगेत डोकावतात. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात एका वर्करचे २५,९२,००० कॉल आणि चाळिसांचे १०,३६,८०,०००. प्रत्येक संदेशाला याशिवाय आणखी दोन कॉल लागतात: रांगेत टाकण्याचा एक आणि काम झाल्यावर पुसण्याचा एक. महिन्याच्या तीन लाख ऑर्डरचे ते सहा लाख होतात. एकूण १०,४२,८०,००० मधून फुकटचे दहा लाख वजा केले की बिल सुमारे ४१ डॉलर येते. हा वरचा अंदाज आहे, कारण उत्तर येण्यात आणि पावती बनवण्यात जाणारा वेळ यात धरलेला नाही. पण मुद्दा एकूण रकमेपेक्षा तिच्या वाटणीचा आहे. विचारण्याच्या दहा कोटींहून अधिक फेऱ्यांत संदेश मिळण्याचे प्रसंग जास्तीत जास्त तीन लाख, म्हणजे हजारातल्या जवळपास ९९७ फेऱ्या रिकाम्या. खर्च ऑर्डरवर ठरतच नाही, तो वर्करची संख्या आणि विचारण्याचा वेग यांवर ठरतो. दुकान दिवसभर बंद राहिले तरी बिल जवळपास तेवढेच येईल. दोन फेऱ्यांमधला सेकंदभराचा थांबा कोडमध्ये घालायचा राहून गेला आणि फेरीला दहा मिलिसेकंद लागत असतील, तर एकटा वर्करच महिन्याला शंभर डॉलरच्या वर जातो.

यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे सेकंदाऐवजी वीस सेकंदांनी विचारणे. कॉल कमी होतील, पण आलेली ऑर्डर तितका वेळ ताटकळेल. शिवाय एक छुपी अडचण आहे. संदेश अनेक सर्व्हरांवर विखुरलेले असतात आणि साध्या पोलिंगमध्ये त्यांपैकी काहीच सर्व्हर तपासले जातात. रांगेत थोडेच संदेश असतील तर ते नेमके न तपासलेल्या सर्व्हरवर असू शकतात, आणि रांग रिकामी नसतानाही उत्तर ‘काही नाही’ असे येते. पुढच्या एखाद्या फेरीत ते सापडतात हे खरे. पण ‘एकदा रिकामे उत्तर आले की काम संपले’ असे मानून प्रोग्रॅम बंद होत असेल, तर ती कामे तशीच पडून राहतात.

खरा उपाय २०१२ पासून या सेवेतच आहे. त्याला लाँग पोलिंग म्हणतात. वर्कर विचारतो, आणि रांगेत काही नसेल तर सेवा लगेच नकार न देता ठरवलेल्या वेळेपर्यंत, जास्तीत जास्त वीस सेकंद, विनंती धरून ठेवते. मध्येच संदेश आला तर तो त्याच क्षणी हाती देते. या पद्धतीत सगळे सर्व्हर तपासले जातात, त्यामुळे खोटा ‘नाही’ टळतो. रांगेवर ही सोय एका आज्ञेने चालू होते:

```
aws sqs set-queue-attributes --queue-url "$QUEUE_URL" \
  --attributes ReceiveMessageWaitTimeSeconds=20
```

आता निवांत वर्करच्या मिनिटाला तीनच फेऱ्या होतात. महिन्याला एकाच्या १,२९,६००, चाळिसांच्या ५१,८४,०००. त्यात संदेश मिळाल्याच्या फार तर तीन लाख फेऱ्या आणि टाकण्या-पुसण्याचे सहा लाख कॉल मिळवले, तर एकूण ६०,८४,०००. फुकटचा हिस्सा वजा जाता बिल सुमारे दोन डॉलर. खर्च वीसपटीने उतरला आणि ऑर्डर उलट लवकर उचलली जाऊ लागली.

एवढे करूनही आकडा हलला नाही, तर कोड पाहावा. कॉलमध्ये `WaitTimeSeconds=0` लिहिलेले असेल तर रांगेवरची मुदत बाजूला पडते. दुसरा धोका अधिक त्रासदायक आहे. प्रोग्रॅमची उत्तराची वाट पाहण्याची मुदत वीस सेकंदांहून जास्त हवी. ती कमी असेल तर सेवा संदेश देते त्याच सुमारास प्रोग्रॅम फोन खाली ठेवतो. सेवेच्या लेखी संदेश दिलेला असतो आणि प्रत्यक्षात तो कोणालाच मिळालेला नसतो.

असा संदेश हरवत मात्र नाही. उचललेला संदेश पुसला जात नाही, तो काही काळ इतरांपासून झाकला जातो. ही मुदत मुळात ३० सेकंद असते. तेवढ्यात वर्करने तो पुसला नाही, तर तो पुन्हा दिसू लागतो. म्हणून पुसण्याचा कॉल काम पूर्ण झाल्यावरच करावा. आधीच पुसला आणि वर्कर मध्येच कोसळला, तर ती ऑर्डर कायमची गेली.

काटकसरीचा पुढचा टप्पा म्हणजे एका कॉलमध्ये दहापर्यंत संदेश उचलणे, आणि झकपकीत चूक होते ती इथेच. एका पावतीला पाच सेकंद लागत असतील आणि वर्कर दहा पावत्या एकामागून एक करत असेल, तर शेवटची पन्नासाव्या सेकंदाला पुरी होते. तिसाव्या सेकंदालाच उरलेले संदेश दुसऱ्या वर्करला दिसू लागतात आणि ग्राहकाला एकाच ऑर्डरच्या दोन पावत्या जातात. त्यातही काही उचलीनंतर संदेश नापास कामांच्या रांगेत टाकण्याचा नियम लावलेला असेल, तर न फसलेले कामही तिथे जाऊन बसते. झाकण्याची मुदत पूर्ण गठ्ठ्याच्या वेळेहून बरीच जास्त ठेवावी. साध्या रांगेत एखादा संदेश क्वचित दोनदा मिळू शकतोच, त्यामुळे पावती आधीच निघाली आहे का, हे ऑर्डर क्रमांकावरून तपासणे तरीही आवश्यक आहे.

मुळात चाळीस वर्कर हवेत का, हेही पाहावे. रोज १०,००० पावत्या, प्रत्येकी पाच सेकंद, म्हणजे ५०,००० सेकंद. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत हे काम सरासरीने एका वर्करला झेपते. जास्तीचे वर्कर संध्याकाळच्या गर्दीसाठी लागतात, आणि रांगेची लांबी वाढल्यावर ते सुरू करता येतात.

हे सगळे नीट चालले आहे का, ते क्लाउडवॉच या नोंदवहीत दिसते. `NumberOfEmptyReceives` म्हणजे रिकाम्या फेऱ्या. दिवसाच्या या आकड्याला तीसने गुणले की महिन्याचे वाया जाणारे कॉल कळतात. काही मागे राहते आहे का, हे `ApproximateAgeOfOldestMessage` सांगतो. रांगेतल्या सर्वांत जुन्या संदेशाचे वय तो सेकंदांत देतो. कॉल कमी केल्यानंतर हा आकडा पूर्वीइतकाच राहिला, तर काटकसर कामाच्या मुळावर आलेली नाही. तो चढत गेला, तर वर्कर कमी पडत आहेत. या आकड्यावर इशारा लावताना मर्यादा काही तासांचीच ठेवावी, कारण रांग संदेश मुळात चार दिवसच सांभाळते आणि नंतर कोणालाही न कळवता पुसून टाकते. ही मुदत वाढवून चौदा दिवसांपर्यंत नेता येते.