घरातलं नेटवर्क, भाग ६ : जुन्या राउटरला नवं फर्मवेअर

कंपनीने अपडेट देणं थांबवलं तरी राउटर बंद पडत नाही. दिवे लागतात, नेट चालतं, फक्त नव्याने सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटी तशाच राहतात. अशा राउटरमध्ये कंपनीचं फर्मवेअर काढून मुक्तस्रोत फर्मवेअर घालता येतं. त्यातलं सगळ्यात परिचित ओपन-डब्ल्यूआरटी. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा सोर्स कोड २००३ मध्ये खुला झाला आणि त्यातून पुढच्या वर्षी हा प्रकल्प उभा राहिला. नावातलं 'डब्ल्यूआरटी' तिथलंच.

पण घालावं की नाही, याचा निम्मा निकाल राउटर उलटा केल्यावर लागतो. खालच्या स्टिकरवर मॉडेलच्या शेजारी बारीक अक्षरांत `Ver` असं लिहून एक आकडा दिलेला असतो. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन घ्या. आपल्याकडे केबलवाल्यांनी हा घरोघरी लावला. याच्या १३व्या आवृत्तीत ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम आहे, तर त्यानंतरच्या १४व्या आवृत्तीत दोन्ही निम्म्यावर, म्हणजे ४ आणि ३२. डबा तोच, नाव तेच! ४/३२ च्या राउटरांची साथ ओपन-डब्ल्यूआरटीने कधीच सोडली. त्यांतल्या अनेकांना मिळालेली शेवटची अधिकृत मालिका १९.०७, आणि तिचे अपडेट २०२२ मध्ये थांबले. म्हणजे अपडेट मिळत नाहीत म्हणून जे बदलायचं, त्याच्या जागी अपडेट न मिळणारंच दुसरं आणून बसवायचं. हा खटाटोप करू नये. ८/६४ वरही जेमतेम भागतं. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असेल तर पुढे वाचा.

आर्चर सी-७ ची दुसरी आवृत्ती नेमकी १६/१२८ ची आहे. ओपन-डब्ल्यूआरटीच्या यादीत आपलं मॉडेल आवृत्तीसकट शोधायचं आणि नावात `factory` असलेली फाइल उतरवायची. `sysupgrade` ही फाइल ओपन-डब्ल्यूआरटी आधीच असलेल्या राउटरसाठी असते. उतरवलेली फाइल अर्धवट नाही ना, हे विंडोजवर असं बघतात:

```
certutil -hashfile c7.bin SHA256
```

येणारी लांबलचक ओळ संकेतस्थळावरच्या ओळीशी जुळली पाहिजे. फाइलचं नाव असं छोटं करून ठेवावं, कारण टीपी-लिंकचं जुनं पान लांब नाव नाकारतं. मग लॅपटॉप केबलने लॅन पोर्टला जोडायचा (वायफायवरून हे काम कधीच नाही), राउटर इन्व्हर्टरवर घ्यायचा आणि नेहमीच्या अपग्रेडच्या पानावरून फाइल चढवायची. त्या काही मिनिटांत लाईट गेली तर राउटर अर्ध्या फर्मवेअरवर अडकतो.

चढवून झाल्यावर वायफाय दिसत नाही आणि अनेकांचा जीव इथेच वरखाली होतो. बिघाड झालेला नसतो. ओपन-डब्ल्यूआरटी वायफाय मुद्दाम बंद ठेवतं. केबलवरून 192.168.1.1 उघडायचं, `root` ला पासवर्ड द्यायचा आणि मग वायफाय चालू करायचं. जोडणी पीपीपीओई असेल तर युजरनेम-पासवर्ड पुन्हा भरावा लागतो, म्हणून तो आधीच लिहून ठेवा. जुन्या राउटरचा मॅक पत्ताही टिपून ठेवा. काही केबलवाले जोडणी त्याच्याशी बांधतात.

192.168.1.1 ला काहीच उत्तर आलं नाही तरी सी-७ सहसा वाचतो. लॅपटॉपला 192.168.0.66 हा पत्ता द्यायचा, त्यावर टीएफटीपी सर्व्हर चालू करून कंपनीची मूळ फाइल `ArcherC7v2_tp_recovery.bin` या नावाने ठेवायची आणि रीसेट दाबून धरून राउटर चालू करायचा. राउटर फाइल स्वतः ओढून घेतो. मात्र मूळ फाइलच्या नावात `boot` असेल तर ती जशीच्या तशी वापरू नका; तिच्यात बूटलोडरही असतो आणि तो चुकीच्या जागी लिहिला गेला की हा मार्गही बंद होतो. ज्या राउटरला असा परतीचा मार्ग नाही, त्याला हात लावू नये, असं माझं मत.

हाती काय लागतं? चालू अपडेट मिळतात, आणि एसक्यूएम. घरात कुणी मोठी फाइल वर चढवू लागलं की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल तुटतो. एसक्यूएममध्ये लाइनच्या वेगाच्या साधारण ९० टक्के मर्यादा घातली की रांग मोडेममध्ये साचत नाही आणि कॉल तुटायचा थांबतो. मला तरी एवढ्या एका कारणासाठी ही उठाठेव पटते. ५० किंवा १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर सी-७ हे पेलतो. ३०० च्या प्लॅनवर मात्र त्याच्या ७२० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला दम लागतो, कारण कंपनीच्या फर्मवेअरमध्ये हार्डवेअर उचलत असलेला भार आता प्रोसेसरवर येतो. वेग कमी होतो. तिथे नवा राउटर घेणंच शहाणपणाचं.

फायबरवाल्याने भिंतीवर लावलेल्या डब्याच्या वाटेला तर जाऊच नका. तो ओएनटी असतो, बहुधा कंपनीच्या मालकीचा, आणि त्याच्यासाठी असं फर्मवेअर सहसा मिळतच नाही. त्याच्यामागे स्वतःचा राउटर कसा जोडायचा, ते पुढच्या आठवड्यात.